गच्चीवरचा पाइप आणि लोणच्याची बरणी

माझ्या मोरीचं पाणी दारातच साचायचं. कारंज्याच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, आम्हाला राहायला मिळालेली खोली चाळीच्या शेवटाला होती आणि सगळी जमीन माझ्याच दाराकडं उतरती होती. अंघोळी झाल्या, भांडी घासली की ते पाणी उंबऱ्याबाहेर येऊन थांबायचं. काळ्या मातीचा चिखल व्हायचा. मी चुलीतली राख टाकली, विटांचे तुकडे टाकले, ते सगळं त्या मातीनं गिळलं. कोणाची डुकरं होती ठाऊक नाही, पण ती लोळायला माझ्याच दारात यायची. शेजारीण म्हणायची, "मिस्तरीणबाई, तुमच्याघरी रोज पाव्हणे असतेत!" मला उत्तर सुचायचं नाही. घरात आल्यावर सुचायचं, तोवर ती गेलेली असायची.

म्हणून एक दिवस मिस्त्री खांद्यावर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड पाइप घेऊन आले तेव्हा मला फार बरं वाटलं. मिस्त्री म्हणजे माझे यजमान. मी त्यांचं नाव घेत नाही आणि लिहीतही नाही. जिनात सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मीही तेच लिहिते. पाइप चांगला पुरुषभर लांब होता. मिस्त्री म्हणाले, "घे. तुह्या मोरीले. एवढा पाइप जमिनीत पुरला की पाणी थेट मागच्या नालीत."

तो पाइप जिनाच्या मालकाच्या, शेठच्या बंगल्यावरून आला होता. जिनाचा हंगाम संपला की यंत्रं बंद असत आणि मिस्त्रींना बंगल्यावरची कामं सांगत. त्या वर्षी शेठनी बंगल्यात संडास बांधवला. डोक्यावर पाण्याची लोखंडी पेटी, साखळी ओढली की पाणी धाडकन खाली येऊन सगळं वाहून जाणार. शेजारी नहाणीघर, त्यात रंगीत फरश्या, आणि व्हरांड्यात हात धुवायचं पांढरं भांडं. तिन्हींचं पाणी एकाच नळीतून मागच्या बागेतल्या मैल्याच्या टाकीत जाई. कारंज्यात असे संडास फारसे नव्हते. बाया लोटा घेऊन पाहायला आल्या होत्या म्हणतात. मी गेले नाही, मला लाज वाटली.

त्याच नळीला एक उभा फाटा काढून मिस्त्रींनी तो पाइप भिंतीला धरून गच्चीच्या वर नेला होता. हवा खेळायला. सगळ्यांत वरचा तुकडा डोक्याच्याही वर जात होता. पण शेठनी रस्त्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "हे काय, घराले भोंगा लावला का? जिनाचा एक भोंगा पुरे हाय. काढ तो." मिस्त्री म्हणाले, "शेठ, वास डोक्यावरून गेला पाह्यजे." शेठ म्हणाले, "काढ." मिस्त्रींनी वरचा तुकडा काढला. खालचा राहिला तो गच्चीपासून मांडीएवढा उंच, कठड्याच्या आत, रस्त्यावरून न दिसणारा. काढलेला तुकडा म्हणजे माझ्या मोरीचा पाइप.

पण मिस्त्री तो पुरणार कधी? आज विहिरीवरचं इंजिन, उद्या शेठच्या दमणीचं, म्हणजे बसायच्या छकड्याचं, चाक. पाइप माझ्या भिंतीला टेकून उभा होता आणि मी चिखलातून जात येत होते. तेवढ्यात माझ्या भावाचं लग्न निघालं आणि मी माहेरी धनजला गेले.

परत आले तर मिस्त्री ओळखू येत नव्हते. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, अंगाला सतत फिनेलचा वास. जेवताना बोलेनात. मी विचारलं तर म्हणाले, "बंगल्याची मोरी बोलून राह्यली."

मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं.

मग कळलं. संडासाची साखळी ओढली की शेजारच्या नहाणीतल्या भोकातून गुडगुड आवाज येई, बुडबुडे येत. व्हरांड्यातल्या भांड्यात हात धुतले तर पाणी तिथंच थांबे, जरा वेळानं एक ढेकर दिल्यासारखा आवाज होई आणि मग हळूहळू उतरे. वास तर असा की नहाणीत उभं राहवत नाही. शेठच्या मुलीची सोयरीक खामगावला ठरली होती आणि तिकडचे पाहुणे घर पाहायला यायचे होते. शेठ मिस्त्रींना म्हणाले होते, "पाव्हण्यायच्या समोर माह्यी मोरी ढेकर देईन का? त्यायच्या आधी नीट नाही झालं तर मी अकोल्याहून दुसरा माणूस आणतो. मंग त्याले राह्यले खोली लागन. समजलं?"

समजण्यासारखंच होतं. खोली म्हणजे आमची खोली. नोकरीही तिच्याबरोबर जाणार. मिस्त्रींचे भाऊ केनवडला होते, पण त्यांच्या वाट्याच्या रानात त्यांचंच भागत नव्हतं. आम्ही जाणार कुठं?

मिस्त्रींनी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. बांबूच्या लांब कामट्या एकीला एक बांधून त्यांनी नळीत घातल्या. कामटी सरळ टाकीपर्यंत गेली, काही अडकलं नाही. भोकातल्या जाळ्या काढून केस, शेवाळ, साबणाचा गाळ काढला. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, ती भरलेली नव्हती. बागेत नळीवर एक चौकोनी खड्डा केलेला होता, आतली घाण पाहायला. त्याच्यावरचं लोखंडी झाकण त्यांनी उघडलं. आत नळी स्वच्छ, पाणी वाहताना दिसत होतं. त्यांनी साखळी ओढायला सांगितली. पाणी खळखळ करून गेलं, कुठं गुडगुड नाही, काही नाही. शेठनी स्वतः पाहिलं. म्हणाले, "झालं म्हणा." मिस्त्रींनी झाकण बसवलं, कडेनं माती दाबली आणि घरी येऊन खूप दिवसांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी मोरी पुन्हा बोलायला लागली.

पुन्हा कामट्या, पुन्हा झाकण. झाकण उघडं असलं की पाणी शहाण्यासारखं जायचं, बंद केलं की गुडगुड. शेठाणीबाईंच्या पोळ्या करणारी बाई हसली म्हणे, की मिस्त्रीला पाहिलं की मोरी लाजते आणि गेला की बडबडते. ती थट्टा चाळीत पसरली. विहिरीवर मला बाया विचारायच्या, "काय म्हंते वं तुही सवत?" मी घागर भरून निघून यायची. रस्त्यात रडू यायचं, तेही धड येत नसे, कारण डोक्यावर घागर.

एकदा मी घरी घासलेट ओतत होते. आमच्या डब्याला मिस्त्रींनी दोन भोकं पाडून दिली होती, एक ओतायचं आणि दुसरं पलीकडच्या कोपऱ्यात, लहान. त्या लहान भोकात मी चिंधीचा बोळा घालून ठेवत असे, उंदीर-झुरळ जाऊ नये म्हणून. त्या दिवशी बोळा काढायचा राहिला. तेल भक भक करत, थांबत थांबत, अंगावर उडत यायला लागलं. मिस्त्री बसल्या जागेवरून वैतागून म्हणाले, "बोळा काढ ना, वारं जाईन कुठून आत?" आणि डब्याकडंच पाहत राहिले. मग उठले.

"वरचा पाइप," ते म्हणाले. "झाकण उघडं असलं की वारं तिथून जाते. झाकण लावलं की वाऱ्याले वाट नाही. वरचा पाइप बुजला."

"कोण बुजवते वर?"

"चिमण्या. घरटं केलं असन. मी जाळी लावतो म्हटलं होतं, राह्यलं."

मला त्यांनी नीट समजावून सांगितलं, कारण दुसरं कोणी ऐकणारं नव्हतं. प्रत्येक भोकाखाली नळीला एक वाकण असतं. त्यात थोडं पाणी कायम उभं राहतं. ते पाणी असतं म्हणून टाकीचा वास घरात येत नाही. साखळी ओढली की एवढं पाणी एकदम खाली धावतं आणि आपल्यामागं वारं ओढतं. ते वारं गच्चीवरच्या पाइपातून यायला पाहिजे. तो बंद असला की ते शेजारच्या वाकणातलं पाणी ओढून वारं घेतं. तीच गुडगुड. आणि वाकण कोरडं पडलं की वास मोकळा.

"मंग जा अन् पाहा," मी म्हटलं.

ते गेले, आणि शेठनी त्यांना जिन्याच्या पायरीवरूनच परत पाठवलं. बंगल्यात वाळवणाचे दिवस होते. गच्चीवर पापड, वड्या, मुंगोड्या. शेठाणीबाईंचं वाळवण सोवळ्याचं. त्या दिवसांत गच्चीवर कोणी पुरुष जात नसे, स्वतः शेठही नाही. आणि मिस्त्री तर मैल्याच्या टाकीत हात घालणारे. शेठ त्यांना म्हणाले, "टाकीत हात घालून तू पापडात चाल्ला? अन् पाणी तुंबते खाली, तू वर पाह्यतं कायले? पाणी का चढते वर?"

मिस्त्री घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसले. मग म्हणाले, "तू जा."

दरवर्षी पापड लाटायला मला बोलावत असत. माझे पापड पातळ होत, एवढंच माझं नाव होतं बंगल्यावर. त्या वर्षीही निरोप होता. पण गच्चीवर जाऊन बोलायचं? मी बंगल्यावर आजपर्यंत "हो जी" आणि "येते जी" याशिवाय काही बोलले नव्हते.

"बोलायचं नाही," मिस्त्री म्हणाले. "फक्त पाह्यचं. आधी तोंडात घरटं हाय का पाहा. नसलं तर आरसा ने, आरशानं उन्हाची तिरीप आत टाक. पार खालपर्यंत उजेड गेला तर पाइप मोकळा. मंग लोटाभर पाणी ओत. सरसर गेलं तर ठीक, मधेच थांबलं तर खाली बोळा हाय. आणखी एक. तिथं उदबत्ती धर. खाली साखळी ओढली की धूर आत गेला पाह्यजे."

मी चोळीत टिकलीएवढा आरसा लपवला, कमरेला दोन उदबत्त्या खोचल्या आणि डोक्यावरून अंघोळ करून गेले.

गच्चीवर जिन्याच्या खोलीत चुलीपाशी लाटणाऱ्या बाया बसल्या होत्या आणि बाहेर बाजांवर धोतरं पसरून पापड वाळत होते. मला पाहून शेठाणीबाई म्हणाल्या, "तू आंघोळ करून आली का? घरी तुह्या घरवाल्याले शिवली तर नाही?"

"नाही जी."

"लांब बस. लाट, पण पिठाच्या परातीले हात नको लावू."

मी दाराजवळ बसले. लाटता लाटता मान वर करून कठड्याकडं पाहत होते. मिस्त्रींनी सांगितलेल्या कोपऱ्यात पाइप नव्हताच. तिथं एक छोटा चुन्यानं रंगवलेला ओटा होता, मांडीएवढा उंच, खांबासारखा गोल. त्याच्यावर फरशीचा तुकडा आणि त्यावर चिनी मातीची मोठी बरणी, तोंडाला फडकं बांधलेली. नवं कैरीचं लोणचं उन्हात मुरायला ठेवलं होतं.

मी पाहत राहिले. फरशीच्या कडेनं शेण-मातीचा लेप होता, कणगीचं तोंड लिंपतात तसा, बोटांच्या खुणांसकट. खालपर्यंत लिंपून चुना दिला होता. म्हणून तो ओटा दिसत होता. तो पाइपच होता.

माझं लाटणं थांबलं. शेठाणीबाई म्हणाल्या, "काय वं?"

"बाई," मी म्हटलं, "तो... तिथं पाइप होता."

"होता ना. मेला वास मारे. पापडाच्या अंगावर वास! मीच लिंपला माह्या हातानं. ना त्यातून पाणी येत, ना जात, नुसता घाण ओकत होता. आता पाहा, बरणी ठेवायले किती चांगलं झालं."

बाया हसल्या. त्यांचं खोटं नव्हतं. वास येतच असणार, तो पाइप नाकाच्या खालीच संपत होता. मला सांगायचं होतं की त्यातून पाणी जात नाही पण वारं जातं. घासलेटच्या डब्याचं सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि "हो जी" बाहेर आलं. स्वतःचाच इतका राग आला की हातातला पापड फाटला. शेठाणीबाई म्हणाल्या, "ध्यान कुठी हाय तुहं?"

घरी येऊन मिस्त्रींना सांगितलं. ते आधी हसले, मग चिडले. "मंग काढून का नाही टाकलं?"

"मी? शेठाणीबाईची बरणी?"

"मंग सांगायचं!"

"तुमीच सांगा ना शेठले! तुमाले बोलता येते!"

आमचं त्या दिवशी भांडण झालं. मला भांडता येत नाही, म्हणून मी भांडी आपटली. मिस्त्री ताडकन उठून शेठकडं गेले आणि सगळं सांगून आले. आले ते मान खाली घालून. शेठ म्हणाले होते, "स्वतःचा दोष माह्या घरच्या बाईवर टाकतं? लोणच्याच्या बरणीनं मोरी तुंबते काय? उद्या नहाणीची फरशी उखडतो. तुही नळीच वाकडी बसली असन. पाव्हणे गेले की खोली खाली कर."

पाहुण्यांसाठी थांबा, मग जा. इतकं सरळ होतं. मी पितळी भांडी मोजायला घेतली, कोणती नेता येतील, कोणती इथंच द्यावी लागतील. मग कंटाळून पुन्हा फळीवर ठेवून दिली.

सकाळी मी पुन्हा पापडाला गेले. कशाला गेले, मलाच कळत नव्हतं. मिस्त्रींना खाली नहाणीत घण धरून उभ्या असलेल्या दोन मजुरांबरोबर हजर राहायला सांगितलं होतं, स्वतः बसवलेल्या फरश्या फोडल्या जाताना पाहायला. रंगीत फरश्या मुंबईहून आलेल्या. महायुद्धाच्या लढाईमुळे तशा पुन्हा मिळणार नव्हत्या, हे शेठनाही माहीत होतं. पण ते हट्टाला पेटले होते.

गच्चीवर बाया बडबडत होत्या. एक म्हणाली, "आज मोरीचं तोंड फोडून राह्यले म्हंते."

दुसरी म्हणाली, "मंग तिले आणखीच मोकळं बोलता येईन."

खालून घणाचा पहिला ठोका आला. बाजेवरचे पापड हलल्यासारखं मला वाटलं. मी उठले. कोणी काही विचारायच्या आत कोपऱ्यात गेले आणि बरणीला दोन्ही हातांनी कवेत घेतलं.

"अवं! अवं! बरणीले हात लावला!" शेठाणीबाई ओरडल्या. "ठेव! ठेव तिथंच!"

बरणी जड होती. मी ती छातीशी धरून कठड्याच्या सावलीत आणून ठेवली. बरणी फुटली नाही. माझ्या मुठीत लाटणं तसंच राहिलं होतं. त्याच लाटण्यानं मी फरशीच्या कडेचा लेप ठोकला.

"लाटणं! बाई, लाटणं संडासाच्या पाइपाले!" कोणीतरी किंचाळलं.

लेप पक्का वाळला होता. ठोकत गेले तशा खपल्या निघाल्या. फरशीखाली बोटं घालून ओढली, ती निघेना. मग निघाली. पाइपातून असा वास आला की सगळ्या बाया पदर तोंडाला लावून मागं सरकल्या. मीही. पण मी परत पुढं गेले. लेपातला काडीकचरा पाइपाच्या रुंद तोंडात अडकला होता, तो हातानं काढला. चोळीतून आरसा काढला आणि तिरीप आत टाकली. काळा गोल पाइप खालपर्यंत दिसला, ओलसर, मोकळा. शेजारी हात धुवायच्या पाण्याचा लोटा होता, तो मी आत रिकामा केला. पाणी सरसर गेलं आणि फार खालून आवाज आला.

खाली दुसरा ठोका पडला.

मी कठड्यावरून वाकले. मागचं अंगण, नहाणीची खिडकी, शेठ धोतराचा सोगा धरून उभे, मिस्त्री त्यांच्या मागं. मी आयुष्यात एवढ्या मोठ्यानं बोलले नाही.

"अहो! साखळी ओढा! आता ओढा!"

सगळ्यांनी वर पाहिलं. माझ्या डोक्यावरचा पदर खाली पडला होता आणि तो सावरायला हात मोकळा नव्हता.

शेठ म्हणाले, "ही कोण?"

"माह्या घरची," मिस्त्री म्हणाले, आणि आत पळत जाऊन त्यांनी मजुराच्या हातातला घण धरला.

मी चुलीतल्या निखाऱ्यावर उदबत्ती पेटवली आणि पाइपाच्या तोंडाशी धरली. आधी धूर सरळ वर जात होता. मग खालून धाडकन पाणी सुटल्याचा आवाज आला आणि धूर वाकला. वाकून पाइपात शिरला, कोणी आत बसून ओढल्यासारखा. नंतर पुन्हा सरळ झाला.

खिडकीतून मिस्त्रींचा आवाज आला. "नाही बोलली! शेठ, नाही बोलली!"

त्यांनी पुन्हा पेटी भरू दिली, पुन्हा ओढली. शेठनी स्वतः व्हरांड्यातल्या भांड्यात लोट्यानं पाणी ओतून पाहिलं. बागेतलं झाकण बंद होतं, तरी सगळं पाणी मुकाट उतरलं. मग शेठनी मिस्त्रींना सांगितलं, वर गच्चीवर आवाज द्या आणि ती फरशी पुन्हा ठेवायला लावा. मला मिस्त्रींनी खालून हात हलवून दाखवलं. मी फरशी ठेवली आणि वरून दाबून धरली. खाली गुडगुड. फरशी काढली, गप्प. असं दोनदा केल्यावर शेठ कचेरीत निघून गेले. मजूर घण घेऊन सावलीत विडी प्यायला बसले. एक फरशी मधोमध तडकली होती, ती तशीच राहिली.

गच्चीवर मात्र कोणी खूश नव्हतं. शेठाणीबाई पदर नाकाला लावूनच म्हणाल्या, "मोरी गप झाली, पण माह्ये पापड? हा वास मी उन्हाळाभर घेऊ का? अन् हे लोणचं आता कोण खाईन? तू हात लावला. नेऊन टाक तुह्या घरी. बरणी तेवढी धुऊन परत कर."

मी बरणी घेऊन जिन्यानं उतरले. मागून एक बाई म्हणाली, "लाटणंही ने वं, त्याचं काय करतो आमी?"

संध्याकाळी शेठचा निरोप आला. खोलीचं काही बोलणं नव्हतं, म्हणजे खोली राहिली. फक्त एवढं, की पाहुण्यांच्या आधी तो पाइप डोक्याच्या वर न्या, भोंगा दिसला तर दिसू द्या.

मिस्त्री जेवायला बसले. लोणच्याची फोड खात होते. मलाही ठाऊक होतं ते काय विचार करत होते. लढाई चालू होती, बिडाचा पाइप अकोल्याला नव्हता, मुंबईला नव्हता. कारंज्यात त्या मापाचा एकच तुकडा होता आणि तो माझ्या भिंतीला टेकून उभा होता.

"न्या," मी म्हटलं.

"लढाई सरली की दुसरा आणतो. तुह्या मोरीले."

"न्या म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी शेठाणीबाईंनी वाळवण आत घेतलं आणि मिस्त्रींना एकदाचं वर जाऊ दिलं. त्यांनी पाइप खांद्यावर नेला. खालच्या पाइपाच्या रुंद तोंडात तो उभा बसवला, सांध्यात तागाची दोरी ठासून वरून शिसं वितळवून ओतलं आणि टोकाला तारेची जाळी बांधली, चिमण्या शिरू नयेत म्हणून. खामगावचे पाहुणे आले आणि गेले. त्यांनी संडासाची साखळी पुन्हा पुन्हा ओढून पाहिली म्हणे. मोरी बोलली नाही. बंगल्यात सांगत, मिस्त्रीनं नळीत चूक केली होती ती शेवटी त्यानं सुधारली. मिस्त्रींनी ते ऐकून घेतलं. मी विहिरीवर ऐकलं आणि घागर घेऊन आले.

त्या उन्हाळ्यानंतर मला पापडाला बोलावणं आलं नाही. लोणचं आम्ही वर्षभर खाल्लं, चांगलं मुरलं होतं. बरणी मी धुऊन परत पाठवली. त्यांनी ती ठेवून घेतली, पण गच्चीवर पुन्हा दिसली नाही.

लढाई सरली. मिस्त्री पाइप आणतो म्हणत राहिले, मग म्हणायचंही थांबले. माझ्या उंबऱ्यातून बंगल्याची गच्ची दिसायची आणि तिच्यावर तो पाइप, टोकाला जाळी, कधी जाळीवर चिमणी. सकाळी भांडी घासून झाली की मी दारात उभी राहायची. पाणी हळूहळू येऊन पायाशी थांबायचं, आणि मी विटेच्या तुकड्यांवर पाय ठेवत घागर घेऊन निघायची.